हिरवा दिवा लागतो, पण गाडी सेल्फ घेत नाही

(मीटरवर न्यूट्रलचा हिरवा दिवा. अंगठा सेल्फच्या बटणावर.)

गाडी न्यूट्रलमध्ये आहे, दिवाही तसंच सांगतोय. बटण दाबलं, तर काहीच नाही. आता स्टँड वर घेऊन क्लच दाबला आणि पुन्हा बटण दाबलं, तर पहिल्याच झटक्यात इंजिन चालू.

अशा वेळी बॅटरी बदलायला निघालेले लोक पाहिले की हसू येतं. त्याच बॅटरीवर, त्याच बटणाने इंजिन आत्ताच फिरलं की! काही गाड्या मुळातच क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी. पण काल न्यूट्रलमध्ये नुसत्या बटणावर चालू होणारी गाडी आज क्लच मागत असेल, तर बिघाड न्यूट्रलच्या बाजूला आहे.

(सर्किटची रेखाकृती.)

बऱ्याच गाड्यांत बटणातून सेल्फच्या रिलेला करंट मिळतो, पण त्या रिलेला अर्थिंगही लागतं आणि ते दोन वाटांनी येतं. एक वाट क्लचच्या स्विचमधून, दुसरी न्यूट्रल स्विचमधून. न्यूट्रलच्या वाटेवर करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड असतो. तो नसता तर गाडी गिअरमध्ये असतानाही क्लच दाबताच हिरवा दिवा लागला असता.

मग दिवा लागतोय म्हणजे न्यूट्रल स्विच ठीकच, नाही का? इथेच बरेच जण फसतात.

मीटरमधला एलईडी काही मिलिअँपिअरवर पेटतो. रिलेची कॉइल साधारण 4 ओहमची धरली, तर तिला 3 अँपिअरच्या आसपास करंट लागतो. आता स्विचच्या आतल्या संपर्कावर काळा थर बसला आणि तिथे 20 ओहमचा अडथळा तयार झाला असं समजू. एलईडीला त्याचा पत्ताही लागत नाही. रिलेच्या वाट्याला मात्र जेमतेम अर्धा अँपिअर येतो आणि तिची ‘टक’ ऐकूच येत नाही. मल्टिमीटरचा बझर लावाल, तर तोही फसवेल. 20 ओहमवर बहुतेक मीटर खुशाल बीप देतात.

(मल्टिमीटरचा क्लोजअप.)

म्हणून मोजायचं ते बटण दाबलेलं असताना. गाडी पुढेमागे ढकलून ती खरंच न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक न्यूट्रल स्विचच्या वायरला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. क्लच न दाबता बटण दाबा. चांगल्या स्विचवर आकडा शून्याच्या जवळ राहतो. आपल्या उदाहरणात तो 9 व्होल्टच्या वर उडी मारेल, कारण जवळजवळ सगळा दाब त्या मळलेल्या संपर्कावरच खर्च होतोय. त्याच क्षणी हिरव्या दिव्याकडे पाहा, तो मंदावतो किंवा विझतो. आकडा शून्यालाच चिकटून राहिला, दिवाही हलला नाही आणि रिलेही गप्प, तर स्विचला हात लावू नका. डायोड किंवा त्याच्याकडे जाणारी वायर तुटलेली असणार.

(पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर निघतं. आत चेनच्या ग्रीसचा चिखल.)

बऱ्याच गाड्यांत हा स्विच इथे, गिअर ड्रमच्या टोकावर बसतो. काढण्याआधी गाडी उजवीकडे थोडी कलती ठेवा, नाहीतर साइड स्टँडवर डावीकडे झुकलेल्या इंजिनमधून ऑइल हातावर येईल. स्विच हळूच ओढा. काही इंजिनांत त्याच्यामागे ड्रमच्या भोकात बारीकशी पिन आणि तिची स्प्रिंग असते. ती निसटून चिखलात पडली, की नवा स्विच बसवूनही दिवा लागत नाही. ओ-रिंग नवी घाला, जुनी पुन्हा क्वचितच ऑइल धरते.

गिअरचा आकडा दाखवणारा सेन्सरही बहुधा याच जागी असतो. त्याच्या चुकीची तऱ्हा पाहिली की अर्धं निदान होतं. फक्त तिसरा गिअर दिसत नाही, बाकी सगळे बरोबर, तर त्या एका गिअरचा संपर्क झिजलाय किंवा मळलाय. काही सेन्सर मात्र प्रत्येक गिअरला वेगळा व्होल्टेज पाठवतात. तिथे सगळेच आकडे एकाच दिशेने सरकले असतील, तर आधी कनेक्टर उघडून हिरवट गंज आणि सैल अर्थिंग तपासा. यातल्या वायर नुसत्या इंजिनला टेकवून बघायचा मोह टाळा, त्यांतली एक 5 व्होल्टचा पुरवठा आणणारी असू शकते.

(मागचं चाक जमिनीवरून उचललेलं.)

सगळं जोडल्यावर चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाका आणि मीटरवरचा आकडा जुळवा. मग पहिल्या गिअरमध्ये, स्टँड वर आणि क्लच न दाबता, बटण क्षणभर दाबा. सेल्फ फिरला, तर न्यूट्रलची वायर कुठेतरी सोलून इंजिनला टेकतेय. कव्हर लावताना ती चेनच्या बाजूला दबली नाही ना, तिथून बघायला लागा.