सपाट रेघ आणि उतरती रेघ

पडद्यावर दिसणारी ही रेघ जवळजवळ आडवी आहे. क्युव्हेट या लहान पारदर्शक पात्रात एन्झाइम घातले आहे, झाकण बंद केले आहे, यंत्र दर सेकंदाला नोंद घेत आहे. तरीही शोषणांक, म्हणजे द्रावणात किती प्रकाश अडतो त्याचे माप, हलत नाही. हे पाहून पहिला विचार येतो तो असा, की एन्झाइम मेले असावे. तसे ठरवण्याआधी रेघेच्या उंचीकडे पाहायला हवे.

प्रयोग लॅक्टेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमचा आहे. कोंबडीच्या छातीच्या स्नायूत ते भरपूर असते, म्हणून तो स्नायू थंड बफरमध्ये वाटून अपकेंद्रित्राने स्वच्छ केलेला अर्क येथे घेतला आहे. हे एन्झाइम पायरुव्हेटचे लॅक्टेट करते आणि त्या प्रत्येक रेणूमागे एनएडीएच या सहएन्झाइमचा एक रेणू खर्च होऊन एनएडी उरते. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते, एनएडी जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे अभिक्रिया मध्येच थांबवून नमुने काढण्याची गरज उरत नाही; प्रकाश किती अडतो ते पाहत राहिले, की अभिक्रिया घडताना दिसते.

एक सेंटिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये ७.५ सामू असलेला फॉस्फेट बफर, ०.१५ मिलिमोलर एनएडीएच आणि १ मिलिमोलर पायरुव्हेट आहे. तापमान २५ अंश सेल्सिअसवर स्थिरावल्यावर १० मायक्रोलिटर अर्क सर्वांत शेवटी घातला जातो आणि एकूण आकारमान १ मिलिलिटर होते. एनएडीएचचा मोलर शोषण गुणांक, म्हणजे एका मोलर द्रावणाचा एक सेंटिमीटर जाडीतला शोषणांक, ६२२० असतो. हा आकडा हॉरेकर आणि कॉर्नबर्ग यांनी १९४८ साली मोजून दिला. म्हणजे एका मिलिमोलरला ६.२२ आणि ०.१५ मिलिमोलरला ०.९३. रेघ येथून सुरू व्हायला हवी होती. पडद्यावरची रेघ मात्र ०.०५ च्या आसपास आडवी पडली आहे. याचा अर्थ एन्झाइम मेलेले नाही. क्युव्हेट ढवळून झाकण लावेपर्यंतच त्याने सगळे एनएडीएच संपवले आहे. खरोखर निष्क्रिय एन्झाइमची रेघही आडवीच असते, पण ती ०.९३ वर.

आता तोच अर्क थंड बफरने पन्नास पट विरल करून पुन्हा १० मायक्रोलिटर घेतला आहे. या वेळी रेघ ०.९३ पासून सरळ उतरते आणि मिनिटाला ०.१३४ इतकी घट दाखवते. हा उतार सरळ असेल तेवढ्याच भागातून वाचायचा असतो. तो विश्वासार्ह आहे का, याची एक साधी कसोटी म्हणजे एन्झाइम निम्मे केल्यावर उतारही निम्मा होणे. तसे झाले नाही, तर आपण एन्झाइमऐवजी दुसरेच काही मोजत आहोत असे समजावे.

कच्च्या अर्कात पायरुव्हेटशिवायही एनएडीएच खर्च करणारे घटक असतात. म्हणून पायरुव्हेट न घालता दुसरी रेघ काढली, तेव्हा मिनिटाला ०.०१० इतकी घट मिळाली. ती वजा केल्यावर ०.१२४ उरते. त्याला ६.२२ ने भागले, की मिनिटाला ०.०२ मिलिमोलर, म्हणजेच १ मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये मिनिटाला ०.०२ मायक्रोमोल. मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलणारे एन्झाइम म्हणजे एक युनिट. तेव्हा आपण ०.०२ युनिट घातले होते. ते ०.०१ मिलिलिटरमध्ये होते, म्हणून विरल अर्कात मिलिलिटरला २ युनिट आणि मूळ अर्कात १०० युनिट. आता पहिली रेघही उलगडते: मूळ अर्काच्या १० मायक्रोलिटरमध्ये एक युनिट होते, आणि ०.१५ मायक्रोमोल एनएडीएच संपवायला त्याला जेमतेम नऊ सेकंद पुरतात.

प्रथिनाला चिकटून निळा होणाऱ्या रंगावरून प्रथिन मोजणाऱ्या ब्रॅडफर्ड पद्धतीने मूळ अर्कात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम प्रथिन आढळले. १०० ला २० ने भागले, की विशिष्ट सक्रियता, म्हणजे दर मिलिग्रॅम प्रथिनामागची एन्झाइमची युनिटे, मिलिग्रॅमला ५ युनिट येते. चूक बहुधा याच भागाकारात होते: वर विरल अर्काचे २ युनिट आणि खाली मूळ अर्काचे २० मिलिग्रॅम लिहिले, तर उत्तर ०.१ येते आणि ते दिसायला अगदी बिनचूक वाटते. दोन्ही आकडे एकाच नळीचे असले पाहिजेत.

खालच्या मिलिग्रॅमविषयीही थोडे सावध असावे. ब्रॅडफर्डचा निळा रंग प्रत्येक प्रथिनाशी सारखा येत नाही. प्रमाण म्हणून वापरले जाणारे गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन पुष्कळ प्रथिनांपेक्षा गडद रंग देते, त्यामुळे अर्कातील प्रथिन प्रत्यक्षाहून कमी मोजले जाते आणि विशिष्ट सक्रियता फुगते. म्हणून वहीत केवळ ‘५ युनिट’ एवढेच लिहिलेले नाही. त्यापुढे २५ अंश, सामू ७.५, पायरुव्हेट १ मिलिमोलर, आणि प्रथिन ब्रॅडफर्डने, अल्ब्युमिनच्या तुलनेत, अशी नोंद आहे.