प्रदूषणावर निबंध हवाय, उद्या द्यायचाय

(दृश्य: रात्रीचा ओटा, कुकर गार होतोय, बाजूला मोबाईलचा स्क्रीन उजळतो.)

रात्री सव्वानऊला मेसेज आला, ताई प्रदूषणावर एक निबंध पाठवता का, उद्या द्यायचाय. बस एवढंच, आणि खाली हात जोडलेले दोन इमोजी. मी सिंहगड रोडला घरीच मराठीच्या शिकवण्या घेते त्यामुळे असे मेसेज मला काही नवीन नाहीत, पण त्या दिवशी मूड चांगला होता म्हणून म्हटलं लिहून टाकू, आणि बसले. साडेतीनशे शब्द झाले. हवा, पाणी, आवाज तिन्ही घेतलं, सूक्ष्म धूलिकण घातले, शेवटी शासनाने काय करावं तेही सांगून टाकलं. पाठवला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यात भेटल्या. पोरगं चौथीत. बाईंनी दहा ओळी सांगितल्या होत्या, त्याही पाठ करून वर्गात उभं राहून म्हणायच्या. ते बिचारं 'सूक्ष्म धूलिकण'वर तीनदा अडखळलं, वर्ग हसला, आणि वहीत लाल पेनाने शेरा, स्वतः लिही. चूक त्याची नव्हतीच, माझी होती. मी काहीच विचारलं नव्हतं.

(दृश्य: टेबलावर उघडी वही, एकेरी रेघांची.)

मग पहिलं विचारायचं काय? बहुतेक लोक म्हणतात शब्द किती ते विचार. मी पण आधी तेच विचारायचे. पण त्याचं उत्तर कधी धड येत नाही, येतं ते असं की 'एक पान' किंवा 'नॉर्मल असतो ना तेवढा'. आणि पान म्हणजे किती? मोठ्या एकेरी वहीत साधारण बावीस ते पंचवीस ओळी, मुलाचं अक्षर मोठं असेल तर ओळीला पाच शब्द, बारीक असेल तर आठ. म्हणजे तेच एक पान कधी ११० शब्दांचं तर कधी २०० चं. त्यात मराठीत 'नदीकाठच्या' हा एकच शब्द मोजला जातो, इंग्रजीत त्याचे चार होतील. इंग्लिश मीडियमच्या आया तिकडच्या निबंधाची दीडशेची सवय इकडे लावतात आणि मग मुलाला तेवढे शब्द भरताना घाम फुटतो.

म्हणून मी आता आधी काय मागते, तर फोटो. प्रश्न जसा वहीत, फळ्यावर किंवा वर्कशीटवर आहे तसाच फोटो पाठवा म्हणते. त्या एका फोटोत इयत्ता कळते, मार्क कळतात, ओळी की शब्द ते कळतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शीर्षक नेमकं काय आहे ते कळतं. कारण आई लिहिते 'प्रदूषण', आणि फोटोत असतं 'मी नदी बोलतेय'. हे आत्मकथन झालं, नदीने स्वतः बोलायचंय. तिथे 'प्रदूषणाचे चार प्रकार आहेत' अशी सुरुवात केली की गेला निबंध. दहावीच्या कुमारभारतीच्या पेपरात तर प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन हे वेगवेगळेच विचारतात, विषय एकच असला तरी लिहायची पद्धत पार बदलते.

(दृश्य: बाबा भिडे पूल, सकाळ. खाली मुठेचं काळपट पाणी, कडेला हिरवी जलपर्णी.)

हा डेक्कनजवळचा भिडे पूल. खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा बुडतो, मग बंद होतो, हे पुण्यात कोणाला सांगायला लागत नाही. आणि पावसाळा सोडला की धरणातून नदीत फारसं पाणी येतच नाही, कालव्याने आणि पाइपने ते दुसरीकडे जातं, मग इथे जे वाहतं त्यात सांडपाणीच जास्त. त्या सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस जलपर्णीला खतासारखं लागतं, म्हणून ती एवढी माजते.

आता हाच पूल मी तीन मुलांना देते. चौथीच्याला, 'पुलावरून जाताना बाबा गाडीची काच वर करतात. नदीचा वास येतो.' संपलं, अशी वाक्यं दहा जमवायची. सातवीच्या मुलीचं वर्णन असेल तर ती सकाळचं पाणी, त्यावरचा हिरवा गालिचा, फुटलेल्या पिशव्या लिहील, आणि मधे एकच कारण, जलपर्णीचं. दहावीच्याला वैचारिक असेल तर त्याने ठरवायला पाहिजे की बोट कुणाकडे दाखवायचं, घराघरातल्या मोऱ्यांकडे, नाल्यांकडे, की पाणी वळवण्याकडे. तिन्हीकडे एकदम दाखवलं की निबंध भेळ होतो.

आणि हा दृष्टिकोनाचा प्रश्न कोणी विचारतच नाही राव.

(दृश्य: ढोलाची दोरी आवळणारे हात, आवाज नाही.)

गेल्या वर्षी दहावीची एक मुलगी आली, ध्वनिप्रदूषणावर वैचारिक हवा होता. मी नेहमीचं सांगायला लागले तर ती म्हणाली, ताई मी पथकात ताशा वाजवते, माझ्याकडूनच 'वाद्ये बंद करा' लिहून घेणार का तुम्ही? मी गप्प बसले. खरं होतं. मग तिलाच विचारलं तुला काय वाटतं. ती म्हणाली वाजवायचंय, पण आजोबांना रात्री झोप येत नाही हेही दिसतं. झालं, हाच निबंध होता. आपण फक्त आकडे जोडले. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आणि एक गंमत तिला कळली ती तिने स्वतःच लिहिली, की डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही, दहा वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते, त्यामुळे ५५ चे ६५ म्हणजे 'थोडंसंच जास्त' म्हणणाऱ्याला हे दाखवायचं. तिने शेवटी मागितलं काय, तर वेळ पाळा आणि मधे शांततेचे टप्पे ठेवा. मला स्वतःला हे थोडं मवाळ वाटलं, पण निबंध तिचा होता.

(दृश्य: पुन्हा ओटा, मोबाईल.)

आता अडचण अशी की समोरचा घाईत असतो. पाच प्रश्न एकदम टाकले की उत्तर येतं 'राहू दे ताई'. म्हणून आधी फोटो, फोटो नसेल, बाईंनी तोंडी सांगितलं असेल, तर मग तीनच: कितवीत आहे, वहीत द्यायचाय की पेपरला की स्पर्धेला, आणि त्याला स्वतःला यातलं काय दिसतं, घराजवळ. तिसरा प्रश्न आईला नाही विचारायचा, पोराला फोन द्यायला सांगायचा. आणि तरीही उत्तर नाहीच आलं, दहा वाजून गेले, तर मी पाठवते पण वर एक ओळ टाकून, की हे पाचवीच्या मुलासाठी, दहा ओळी, वहीसाठी धरून लिहिलंय, वेगळं असेल तर सांगा. ही एक ओळ असली की निदान जिन्यात भेटल्यावर तोंड लपवायला लागत नाही.

आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचून बघायचं, त्या वयाच्या आवाजात. जिथे आपणच अडखळतो तिथला शब्द काढायचा.

परवा त्याच वहिनींचा मेसेज, ताई 'पाणी वाचवा'वर पण हवाय. मी लिहिलं, प्रश्नाचा फोटो? पाच मिनिटांनी आला. उलटा, अर्ध्यावर अंगठा, आणि अंगठ्याखाली बरोब्बर शब्दमर्यादा.