मीटरचे लाल काटे: घनमीटर ते दरमाणशी लिटर

[दृश्य: पाण्याच्या मीटरचं झाकण उघडतं. काचेवर ओल आणि मातीचा थर. एक हात फडक्याने काच पुसतो.]

आधी काच नीट पुसून घ्या. काचेवरच्या धुक्यामुळेही रीडिंग चुकतं. ओल आतल्या बाजूने धरली असेल तर आकडे सरळ वरून पाहा. तिरकं पाहिलं की काटा एक घर पुढे किंवा मागे दिसतो.

[दृश्य: तबकडी पूर्ण पडद्यावर.]

मधल्या खिडकीत पाच काळे आकडे आहेत: ००४८३. शेजारी m³ असं छापलंय, म्हणजे घनमीटर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती काठोकाठ भरायला १००० लिटर पाणी लागतं. मीटर बसवल्यापासून त्यातून अशा ४८३ टाक्या पाणी गेलं, एवढंच हे काळे आकडे सांगतात.

पण पूर्ण हजार लिटर वाहून गेल्याशिवाय शेवटचा काळा आकडा बदलत नाही. लिटरचा हिशोब हवा असेल तर नजर खालच्या चार छोट्या लाल काट्यांकडे वळवायला हवी.

[दृश्य: चार लाल काटे एकेक करून जवळून.]

पहिल्या काट्याजवळ x0.1 छापलेलं आहे. त्याचं एक घर म्हणजे १०० लिटर. x0.01 च्या काट्याचं एक घर १० लिटरचं, आणि x0.001 च्या काट्याचं एका लिटरचं. चौथा, x0.0001 चा काटा सगळ्यात चपळ असतो. त्याची एक पूर्ण फेरी झाली की एक लिटर पाणी गेलं. घरच्या हिशोबात हा काटा लिहायची गरज नाही. नळ बंद असताना तो हलतोय का, हे पाहायला मात्र तोच उपयोगी पडतो. काही मीटरवर काट्यांऐवजी लाल चौकटीत तीन आकडे असतात. ते सरळ लिटर समजून वाचायचे.

आता या मीटरवरचा पहिला काटा पाहा.

[दृश्य: x0.1 चा काटा जवळजवळ ३ वर. कॅमेरा तिथेच थांबतो.]

काटा ३ वर आहे असंच कुणीही म्हणेल. पण घाई करू नका. त्याच्या खालचा x0.01 चा काटा ९ च्या पुढे गेलेला आहे आणि त्याला शून्यावर पोचायला थोडंच अंतर उरलंय. खालचा काटा शून्य ओलांडेपर्यंत वरच्याचं घर पूर्ण होत नाही. घड्याळात पावणेतीनच्या पुढे तास-काटा तिनाला टेकल्यासारखा दिसतो, पण आपण तीन वाजले म्हणत नाही, तसंच हे. म्हणून इथे ३ ऐवजी २ लिहायचे. x0.001 चा काटा ७ वर आहे. पूर्ण रीडिंग ४८३.२९७ घनमीटर. तिथे ३ लिहिले असते तर १०० लिटरची चूक झाली असती, आणि १०० लिटर म्हणजे एका माणसाचं जवळपास दिवसभराचं पाणी.

दशांश चिन्ह विसरण्याची चूक याहून मोठी. काळे आणि लाल सगळे आकडे ओळीने लिहून काढले आणि चिन्हच दिलं नाही, तर पुढचा हिशोब हजारपट फुगतो. म्हणून वहीत लाल आकडे लाल पेनानेच लिहावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

[दृश्य: वहीत तारीख, वेळ आणि रीडिंग लिहिणारा हात. काळी शाई, मग लाल.]

ज्या घराचं हे मीटर आहे तिथे चार माणसं राहतात. पहिलं रीडिंग ३० दिवसांच्या महिन्याच्या १ तारखेला सकाळी ७ वाजता घेतलं: ४८३.२९७. दुसरं पुढच्या महिन्याच्या १ तारखेला, पुन्हा सकाळी ७ वाजता: ५०२.०२२. दोन्हींतला फरक १८.७२५ घनमीटर. हजाराने गुणलं की १८,७२५ लिटर. बोटांवर तारखा मोजल्या तर ३१ येतात, पण दोन सकाळींमधलं अंतर ३० दिवसांचंच आहे.

आता १८,७२५ ला ३० ने भागलं की दिवसाला ६२४ लिटर. चार माणसांत वाटले की दरमाणशी दररोज १५६ लिटर. बहुतेक जण वही इथेच मिटतात. पण या १५६ मध्ये तीन गोष्टी दडलेल्या आहेत.

[दृश्य: गच्चीवरची टाकी. बॉल कॉकचा गोळा पाण्यावर हळूहळू वर येतोय.]

पहिली गोष्ट टाकीची. गच्चीवर टाकी असेल तर मीटर फक्त टाकीत आलेलं पाणी मोजतं. तुम्ही वापरलेलं पाणी त्याला दिसत नाही. समजा पहिल्या रीडिंगच्या वेळी हजार लिटरची टाकी रिकामी होती आणि दुसऱ्या वेळी भरलेली. मग ते हजार लिटर टाकीत तसेच पडून असूनही खर्चात धरले जातात. रोजच्या रोज रीडिंग घेणाऱ्यांचे आकडे याच कारणाने उड्या मारतात: आज ११०० लिटर, उद्या २००. घरातल्या कुणी काही वेगळं केलेलं नसतं, फक्त टाकी भरण्याची वेळ बदललेली असते. उपाय सोपा आहे. दोन्ही वेळा टाकी भरून बॉल कॉक बंद झाल्यावरच रीडिंग घ्यायचं. या घरात तसंच घेतलं होतं, त्यामुळे १८,७२५ हा आकडा इथे टिकला.

[दृश्य: दाराशी दोन पिशव्या. कॅलेंडरवर दहा तारखांना खुणा.]

दुसरी गोष्ट माणसांची. त्या महिन्यात घरातले दोघं दहा दिवस परगावी होते. मग चार माणसं गुणिले तीस दिवस असा १२० चा भागाकार कसा चालेल? इथे माणसं आणि दिवस वेगवेगळे धरून चालत नाही, माणूस-दिवस मोजावे लागतात. एक माणूस एक दिवस घरात राहिला की एक माणूस-दिवस. १२० मधून दोघांचे दहा-दहा, म्हणजे २० वजा केले की उरतात १००. पाहुणे मुक्कामाला आले तर त्यांचे दिवस यातच मिळवायचे. १८,७२५ भागिले १०० म्हणजे १८७ लिटर.

१५६ चे १८७ झाले, तेही पाण्याचा एक थेंब जास्त न वापरता. घरातल्या दोघांना वाटत होतं की आपण नसल्याने पाणी वाचलं. पण उरलेल्या दोघांच्या दहा दिवसांत मीटर म्हणावं तसं मंदावलंच नव्हतं, आणि खरी शंका तिथेच आली.

[दृश्य: रात्र. टॉर्चच्या उजेडात टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीची खूण.]

तिसरी गोष्ट गळतीची. रात्री ११ वाजता टाकीत येणारा कॉक बंद केला आणि पाण्याच्या पातळीवर खूण केली. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं की पहाटे ५ पर्यंत कुणीही नळ उघडायचा नाही, फ्लशसुद्धा ओढायचा नाही. पहाटे पाहिलं तर पाणी खुणेच्या ६ सेंटीमीटर खाली.

टाकी गोल, आतून १ मीटर व्यासाची. तिच्या तळाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की साधारण ७.८५ लिटर पाणी गेलं. सहा सेंटीमीटरला ४७ लिटर. सहा तासांत ४७, म्हणजे तासाला जवळपास ८ आणि दिवसाला सुमारे १८८ लिटर. एका माणसाएवढं पाणी अहोरात्र कुठेतरी निघून चाललं होतं.

[दृश्य: फ्लशच्या टाकीत रंगीत पाणी ओतलं जातं. भांड्याच्या कोरड्या भिंतीवर एक बारीक रंगीत ओघळ उमटतो.]

नळ कोरडे होते, भिंतींना ओल नव्हती. मग फ्लशच्या टाकीत थोडा रंग कालवला आणि अर्धा तास वाट पाहिली. भांड्यात रंगाची एक बारीक रेघ उतरली. टाकीच्या बुडाचं रबर कडेने कुरतडल्यासारखं झालं होतं. पाणी इतकं पातळ पसरून घसरत होतं की ना आवाज येत होता, ना डोळ्यांना काही दिसत होतं.

आता मोह असा होतो की १८८ गुणिले ३०, म्हणजे ५६४० लिटर वजा करून मोकळं व्हावं. उरतात १३,०८५, माणशी १३१. पण या १३१ वर मी विसंबणार नाही. गळती महिन्याच्या पहिल्या दिवसापासून होती की मध्येच सुरू झाली, हे मीटर सांगत नाही. शिवाय इतकी बारीक धार मीटर पूर्ण मोजतंच असं नाही.

[दृश्य: तबकडीच्या कडेला छापलेली बारीक अक्षरं: Q₃ 2.5, R80.]

ही अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. Q₃ 2.5 म्हणजे हे मीटर तासाला २.५ घनमीटर, म्हणजे २५०० लिटरचा प्रवाह कायम सोसू शकतं. R80 म्हणजे त्याच्या ऐंशीव्या भागापर्यंत, तासाला सुमारे ३१ लिटरपर्यंत, त्याच्या अचूकतेची हमी आहे. त्याखाली हमी नाही. रात्री बाकी वापर नसताना टाकीची पातळी केसाएवढी उतरते, बॉल कॉक जरासा उघडतो, आणि तासाला ८ लिटरची धार मीटरमधून चाक न हलवताच निसटू शकते. म्हणून गळती वजाबाकीने काढत बसण्यापेक्षा दुरुस्ती करून पुन्हा मोजणं बरं.

[दृश्य: नवं रबर बसतं. फ्लशच्या टाकीत पाणी भरतं आणि स्थिर होतं.]

रबर ५०२.०२२ च्या रीडिंगनंतर त्याच दिवशी बदललं. पुढचे ३० दिवस चौघंही घरीच होते, पाहुणे आले नाहीत. म्हणजे पूर्ण १२० माणूस-दिवस. टाकी भरलेली असताना सकाळी ७ वाजता झाकण पुन्हा उघडलं.

[दृश्य: काळे आकडे ००५१७. लाल काटे २, ६, २. चौथा काटा स्तब्ध.]

५१७.२६२. यातून ५०२.०२२ वजा केले की १५.२४० घनमीटर, म्हणजे १५,२४० लिटर. भागिले १२०: दरमाणशी दररोज १२७.

हा आकडा १२७.० असा दशांशात लिहू नका. आयएसओ ४०६४ या मानकाच्या दुसऱ्या वर्गातल्या नव्या मीटरलाही नेहमीच्या प्रवाहात २ टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा आहे. १२७ चे २ टक्के म्हणजे अडीच लिटर. तेव्हा वहीत "सुमारे १२५ ते १३०" असं लिहावं, आणि शेजारी माणूस-दिवस व टाकीची पातळी नोंदवावी. पुढच्या महिन्यात आकडा १२९ आला तर काही बदललं असं समजायचं नाही. १४५ आला, तर त्याच रात्री ११ वाजता टॉर्च आणि पेन्सिल घेऊन गच्चीवर जायचं.

[दृश्य: वही मिटते. मीटरचं झाकण खाली येतं.]