तीनची जाग नऊ वाजता ठरते

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून संपादित)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, नमस्कार. काल रात्री तीनच्या सुमारास जाग आली आणि मग डोक्यात चक्र सुरू झालं, असे किती जण आहेत? हात वर करा. अरे वा, निम्मं सभागृह. म्हणजे त्या वेळी एकमेकांना फोन केला असता तरी चाललं असतं, कोणाचीच झोपमोड झाली नसती.

विषय दोन भागांत आहे, असं का होतं आणि उपाय काय. उपायांसाठी मी अर्धा वेळ राखून ठेवलाय, पण माझी सवय आयोजकांना ठाऊक आहे, म्हणून ते पुढच्याच रांगेत घड्याळ घेऊन बसलेत.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. तीन वाजता जाग आली म्हणजे यकृतात बिघाड, पाचला आली म्हणजे फुप्फुसात, असा एक तक्ता मोबाइलवर फिरतो. माझ्याकडे येणारे लोक तो छापून आणतात. कुठला अवयव बिघडलाय हे जागेच्या वेळेवरून सांगता येत नाही. त्या तक्त्यापायी लोकांनी सोनोग्राफ्या केल्या आहेत, रिपोर्ट नॉर्मल आले आहेत आणि झोप होती तशीच राहिली आहे.

मग तीनच का? हिशोब साधा आहे. झोप सलग एकसारखी नसते. साधारण नव्वद मिनिटांचं एक आवर्तन असतं: हलकी झोप, गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, आणि पुन्हा पहिल्यापासून. आवर्तन संपताना आपण क्षणभर जागे होतो. सगळेच होतात, लहान मुलंसुद्धा. कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आता साडेदहाला झोप लागली असेल तर तीन आवर्तनं केव्हा संपतील? बरोबर तीन वाजता. घड्याळ लावून कोणी उठवत नाही, पण तो सांधा साधारण त्याच वेळेला येतो.

दुसरं असं, की गाढ झोप बहुतेक सगळी रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जाते. झोपेचीही भूक असते. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ही भूक वाढते. झोप लागली की ती भागायला लागते. रात्री बारा वाजता जाग आली तर भूक एवढी असते की पुढच्या मिनिटाला पुन्हा डोळा लागतो. तीनला ती बरीचशी भागलेली असते. म्हणून बाराचा सांधा कळत नाही, तीनचा कळतो.

आणि विचार एवढे काळे का? शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं आणि मनाची उभारीही रात्रीच्या त्याच भागात खाली असते. झोपेतून उठल्या उठल्या मेंदूचा तोलून-मापून विचार करणारा भाग लगेच कामाला लागत नाही, काळजी मात्र आधी जागी होते. त्यात त्या वेळी करण्यासारखं काहीच नसतं. बँक बंद, वकील झोपलेले, मुलाला फोन लावावा तर तोच घाबरायचा. त्यामुळे प्रश्न नुसता फिरत राहतो. कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनबद्दल तुम्ही वाचलं असेल. ते पहाटे वाढतं हे खरं, पण सगळ्यांचंच वाढतं, गाढ झोपलेल्यांचंही. त्यावर सगळं खापर फोडू नका.

आता एका गृहस्थांची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, मधुमेह नाही, घोरणं नाही, प्रोस्टेटची तक्रार नाही. रोज तीनला जाग, मग साडेसहापर्यंत तळमळ. डोक्यात एकच विषय, सोसायटीचा पुनर्विकास. करारनाम्यावर सही करायची होती आणि बिल्डरने मध्येच भाडं थांबवलं तर काय, या प्रश्नापुढे गाडी जात नव्हती. त्यांनी दूध-जायफळ केलं, तळपायाला तेल लावलं, चहा सोडला. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे झोप पुरत नाही म्हणून नऊलाच अंथरुणाला पाठ टेकायला लागले. काकू रोज बजावायच्या, "अहो, तीनला उठायचंच असतं तुम्हाला, मग आत्ताच पडा की."

मंडळी, इथे माझं खरं गाऱ्हाणं आहे. लवकर निजे, लवकर उठे, हे आपण लहानपणापासून घोकलंय. त्यातलं 'लवकर उठे' मी शिरसावंद्य मानतो. 'लवकर निजे' मात्र निद्रानाश असलेल्या माणसाला सांगू नका.

मी त्यांना दोन आठवडे रोज सकाळी वहीत चार गोष्टी लिहायला सांगितल्या: अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे झोप कधी लागली, मध्ये किती जागा होतो, शेवटचा केव्हा उठलो. घड्याळ न पाहता, सगळं अंदाजाने. वही घेऊन आले. नऊला अंथरुणात, साडेनऊला झोप, तीनला जाग, पहाटे पाचच्या पुढे अर्धा तास डुलकी, साडेसहाला उठले. आता बेरीज करा. साडेनऊ ते तीन साडेपाच तास आणि वर अर्धा तास, एकूण सहा तास झोप. अंथरुणात मात्र साडेनऊ तास. म्हणजे शंभरातले त्रेसष्ट.

मी त्यांना म्हटलं, "काका, तुमची झोप तीनला मोडत नाही. तीनपर्यंत ती जवळजवळ पुरी झालेली असते." या वयात सहा-साडेसहा तास झोप अनेकांना पुरते. ती नऊला सुरू केली तर तीनलाच संपणार. नंतरचे साडेतीन तास ते अंथरुणावर पडून काळजी करण्याचा सराव करत होते. असा सराव महिनोन् महिने झाला की अंथरूण दिसताच मन तयारीला लागतं. पुनर्विकासामुळे पहिल्यांदा जाग आली असेल, पण ती टिकली या साडेनऊ तासांमुळे. झोपेवर संशोधन करणारे आर्थर स्पिलमन यांनी 1987 मध्ये हेच मांडलं आणि त्यावर उपायही दिला: जेवढी झोप येते, तेवढाच वेळ अंथरूण.

म्हणून वेळ ठरली साडेअकरा ते साडेपाच. गजर साडेपाचचा, रविवारीही तोच, रात्र कशीही गेलेली असो. पहिला आठवडा फार कठीण गेला. नऊला डोळे मिटायला लागायचे. काकू त्यांना दोरीवरचे कपडे घड्या करायला उभं करायच्या, कारण सोफ्यावर टेकले की संपलंच. त्या आठवड्यात स्कूटर चालवायची नाही, असं मी बजावलं होतं. दुसऱ्या आठवड्याच्या वहीत सहा तासांपैकी पाच तास वीस मिनिटं झोप आली, म्हणजे शंभरातले एकोणनव्वद. आठवड्याची सरासरी पंच्याऐंशीच्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची, असा नियम आहे. सव्वाअकरा झाले, मग अकरा, मग पावणेअकरा. तिथे गाडी स्थिरावली. जाग अजून येते. बाथरूमला जातात आणि येऊन झोपतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे, उपायांचं उरलेलं भरभर घेतो.

जाग आल्यावर काय करायचं? घड्याळ पाहायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, भिंतीवरचं घड्याळ काढा. 'अजून साडेतीन तास उरलेत' हा हिशोब सुरू झाला की झोपेचा प्रयत्न सुरू होतो, आणि प्रयत्नाने झोप येत नाही. शांत पडून बरं वाटत असेल तर पडून राहा. डोकं फिरायला लागलं, अंदाजे पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं, की उठा. मंद दिव्यात खुर्चीवर बसा, जुना दिवाळी अंक चाळा. बातम्या नकोत. पापण्या जड झाल्या की परत या. नुसतं थकल्यासारखं वाटणं पुरत नाही, पेंग यायला हवी. पुन्हा झोप नाही आली तर पुन्हा उठा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये ही पद्धत सांगितली. थंडीत पांघरुणातून उठणं जिवावर येतं, म्हणून शाल आणि पुस्तक रात्रीच खुर्चीवर ठेवून द्या.

विचारांना संध्याकाळी सहाची वेळ द्या. कागदाला दोन रकाने पाडा. डावीकडे काळजी, उजवीकडे पुढचं एकच पाऊल. आपल्या काकांनी डावीकडे लिहिलं, 'बिल्डरने भाडं थांबवलं तर?' उजवीकडे, 'गुरुवारी वकिलांना बँक गॅरंटीचं कलम विचारणे.' तीनला तोच विचार आला की त्याची जागा कागदावर ठरलेली असते. अमेरिकेत 2018 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. मात्र ते तरुण होते आणि मोजली होती ती रात्रीची पहिली झोप. तीनला जाग येण्याबाबत त्याचा दाखला देऊ नका.

दारूने झोप लवकर लागते, पण ती उतरताना उत्तररात्रीची झोप फाटते. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, कारण निम्मं कॅफीन शरीराबाहेर जायलाच पाच-एक तास लागतात. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारा.

आता ज्यांनी हे घरच्या घरी करायचं नाही ते. घोरताना श्वास अडकतो असं घरच्यांनी पाहिलं असेल तर आधी झोपेची तपासणी. पहाटे जाग येते आणि दोन आठवडे कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, तर ते नैराश्य असू शकतं. लगेच डॉक्टर गाठा. फिट येत असेल, बायपोलर आजार असेल, किंवा रात्रीचं ड्रायव्हिंग करत असाल, तर अंथरुणाचा वेळ स्वतःच्या मनाने कमी करू नका. इतरांनीही तो पाच तासांच्या खाली नेऊ नये. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर आज घरी जाऊन एकदम बंद करू नका. अचानक सोडली तर झोप आणखी उडते, कधी फिटही येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळूच कमी करायची.

दुसरी चिठ्ठी. दुपारच्या झोपेचं सांगतो आणि थांबतो. पहिले दोन-तीन आठवडे ती पूर्ण बंद, कारण रात्रीची भूक तिथेच मोडते. घडी बसल्यावर हवी तर जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून, आणि दुपारी तीनच्या आत. आता प्रश्न घेऊ. गोळ्यांबद्दलचे आधी विचारा.