तिकिटावरचा निर्णय सहा महिन्यांनी सापडावा म्हणून

मंडळी, तुमच्यातले बरेच जण जिनिंग, बाजार समिती नाहीतर शेतकरी कंपनीसाठी सॉफ्टवेअर सांभाळतात. तिकिटं रोज उघडतात, रोज बंद होतात. आज मी तिकिटावरच्या एकाच प्रकारच्या कमेंटबद्दल बोलणार आहे, जिच्यात काहीतरी ठरल्याची नोंद असते. ते का ठरलं हे नंतर शोधणाऱ्याला सापडेल, अशी ती कशी लिहायची ते पाहू.

एक उदाहरण घेऊ. समजा हिंगणघाटच्या बाजूला एक जिनिंग आहे. काट्यावरचा माणूस मोबाइलवर वजन नोंदवतो आणि शेतकऱ्याला काटापट्टी छापून देतो. रेंज नसली की नोंद मोबाइलमध्येच राहते आणि रेंज आल्यावर सर्व्हरवर जाते. २८ नोव्हेंबरला संध्याकाळी कापूस मोजला, नोंद पोचली २९ ला सकाळी, आणि मधल्या काळात भाव बदलला. आता चुकारा कोणत्या दिवसाच्या भावानं काढायचा? हा प्रश्न तिकीट 412 वर येतो, फोनाफोनी होते, आणि शेवटी कमेंट पडते: «फोनवर बोललो, ठरल्याप्रमाणे केलं.»

त्या दिवशी ही कमेंट सगळ्यांना कळते, कारण काय ठरलं ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं असतं. मार्चमध्ये हिशेब तपासणारा माणूस विचारतो, पट्टीवर २८ तारीख आणि सर्व्हरवर २९, मग भाव २८ चा का? तेव्हा फोनवर बोललेला माणूस कदाचित दुसरीकडे कामाला लागलेला असतो. कोड काय करतो एवढं कोडवरून दिसतं. दुसरा मार्ग का सोडला, हे मात्र तिथं कुठंच दिसत नाही.

तीच कमेंट अशी लिहून पाहा:

> निर्णय: भाव काट्याच्या वेळेनुसार (`kata_time`). नोंद पोचल्याच्या वेळेनुसार (`received_at`) नाही.
>
> कारण: काटापट्टीवर काट्याचीच वेळ छापली जाते. चुकारा शेतकऱ्याच्या हातातल्या कागदाशी जुळला पाहिजे.
>
> सोडलेला पर्याय: `received_at`. ही वेळ मोबाइलवर अवलंबून नाही, पण रेंज गेल्याचा फटका शेतकऱ्याला बसेल.
>
> अट: मोबाइलचं घड्याळ चुकलेलं असू शकतं. दोन वेळांत 48 तासांहून जास्त फरक असेल तर चुकारा थांबवून नोंद हिशेबनिसाकडे. 48 का: रविवारी जिनिंग बंद. शनिवारी संध्याकाळी 7 ची नोंद सोमवारी सकाळी 10 ला पोचली तर 39 तास होतात. त्यावर थोडी सूट.
>
> कोणी ठरवलं: जिनिंगचे व्यवस्थापक आणि हिशेबनीस, फोनवर, 29-11-2024.
>
> पुन्हा पाहायचं: जिनिंग सलग दोन दिवस बंद राहणार असेल तर.

लिहायला पाच-दहा मिनिटं लागतात. यातली सर्वांत मोलाची जागा मला विचाराल तर «48 का» ही आहे. आकडा कोडमध्ये असतोच, पण तो कशावरून आला हे नसलं की पुढचा माणूस त्याला हात लावायला घाबरतो, किंवा न घाबरता काहीही करतो. रविवारला लागून एक सुट्टी आली असं धरा. शनिवारी संध्याकाळी सातची नोंद मंगळवारी सकाळी दहाला पोचते, म्हणजे ६३ तास. शनिवारचे बरेच चुकारे अडकतात आणि शेतकरी ऑफिसात येऊन उभे राहतात. कारण लिहिलेलं असेल तर काम करणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं की ही मर्यादा एका सुट्टीसाठी धरली होती, आणि ती ७२ केल्यानं मूळ हेतू मोडत नाही. कारण नसेल तर तो बहुधा ती तपासणीच बंद करतो. मग घड्याळ चुकलेल्या मोबाइलवरून आलेल्या नोंदी जुन्या भावानं सरळ पास होतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सोडलेला पर्याय लिहायचं कारणही असंच आहे. काही महिन्यांनी कुणीतरी हुशार माणूस म्हणतोच की सर्व्हरची वेळ घ्या ना, भानगडच नको. त्याची सूचना चुकीची नसते. तिच्यावर विचार झालाय एवढंच त्याला ठाऊक नसतं.

आता सापडण्याचं बघू, कारण इथं मराठीची स्वतःची अडचण आहे. तिकिटांचा शोध बहुतेक ठिकाणी शब्द जसाच्या तसा जुळवतो. इंग्रजीसाठी शब्दाची रूपं ओळखण्याची सोय असते, मराठीसाठी सहसा नसते. त्यामुळे तुम्ही «चुकाऱ्याचा» एवढंच लिहिलं आणि शोधणाऱ्यानं «चुकारा» टाकलं, तर हाती काही लागत नाही. त्यात पुन्हा «ऱ्या» हे अक्षर वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या युनिकोड चिन्हांनी उमटतं. डोळ्याला सारखं दिसतं, शोधाला दिसेलच असं नाही. आकड्यांचंही तेच, ४८ आणि 48 शोधाला वेगळे. म्हणून कोडमधला आकडा कमेंटमध्ये कोडमध्ये आहे तसाच टाका, आणि कमेंटच्या तळाशी एक ओळ मूळ रूपातल्या शब्दांची द्या:

> शोध: चुकारा, काटापट्टी, भाव, तारीख, पेमेंट, chukara, kata patti, payment, rate date

ही ओळ वाचायला छान दिसत नाही, पण ती वाचण्यासाठी नाहीच. तिच्यात तुमच्या आवडीचे शब्द घालू नका, तक्रार करणारा माणूस फोनवर जे म्हणतो ते घाला. हिशेबनीस «सिंक» म्हणत नाही, «चुकारा कमी निघाला» म्हणतो. स्क्रीनवर एरर आली असेल तर ती अक्षरशः टाइप करा. नुसता स्क्रीनशॉट लावला तर त्यातला मजकूर शोधात येईल यावर विसंबता येत नाही. व्हॉट्सॲपवर ठरलेल्या गोष्टीचंही तसंच, चार ओळी तिकिटावर उतरवून घ्या.

दुसरा शोधणारा कोडकडून येतो. त्याला 48 ची ओळ दिसते, तो `git blame` करतो, कमिट सापडते. कमिटच्या संदेशात #412 असेल तर वाट पुढे जाते, आणि उलटही शोधता येतं:

```
git log --grep="#412"
```

पण तिकिटावर चाळीस कमेंट असतील तर तो तिथंच हरवतो. निर्णयाच्या कमेंटची थेट लिंक तिकिटाच्या मुख्य वर्णनात, पहिल्या ओळीत टाका.

निर्णय बदलला तर जुनी कमेंट खोडून नवी लिहू नका. डिसेंबरचे चुकारे जुन्या नियमानंच निघालेले असतात आणि तपासणीत तोच नियम दाखवावा लागतो. नवी कमेंट लिहा, नवा नियम कोणत्या तारखेच्या नोंदींपासून लागू ते सांगा, आणि जुनीच्या डोक्यावर «बदलला, पाहा» एवढं लिहून नवीची लिंक द्या. ही वरची ओळ हमखास राहून जाते. मग शोधात जुनी कमेंट आधी येते आणि माणूस तिच्यावरच विसंबतो.

हे सगळं प्रत्येक तिकिटाला नको. बटणाचा रंग बदलला, स्पेलिंग दुरुस्त केलं, तिथं «झालं» पुरे. माझी कसोटी अशी की दुसऱ्या जाणकारानं याच माहितीवर वेगळं ठरवलं असतं का? असतं, तर कारण लिहा. आणि लिहा तिकीट बंद करण्याआधी, त्याच दिवशी, फोनवरच्या दोघांना तिकिटावर टॅग करून. «बरोबर» असं त्यांचं उत्तर खाली आलं की फोनवरचं बोलणं नोंदीत येतं, आणि ऐकण्यात चूक झाली असेल तर ती चुकारा निघण्याआधीच कळते.