गार वाटणं म्हणजे वास येणं नव्हे

मित्रहो, मेंथॉल, कापूर आणि निलगिरी नाकाला गार का लागतात, हा आजचा विषय. त्याचं उत्तर मी देणार आहेच. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या, कारण ती नीट समजली की अर्धं उत्तर तिच्यातच मिळतं. तक्रार अशी, की वास येतो की नाही हे पाहायला लोक नाकाखाली कापूर धरतात, नाहीतर बामची डबी धरतात. घरी कुणी धरली तर मी समजू शकते. पण तपासणीच्या टेबलावरही तेच चालतं, आणि त्याने माणसांचं नुकसान होतं.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. जिन्यावरून पाय घसरून त्या मागे पडल्या होत्या आणि डोक्याची मागची बाजू आपटली होती. हाड मोडलं नव्हतं, शुद्धही लगेच आली. काही आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आलं, की जेवणात नुसतं खारट, गोड, आंबट, कडू एवढंच कळतंय, पदार्थ कोणता ते कळत नाही. एकदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं, तरी त्या शेजारच्या खोलीत शांत बसून होत्या. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा त्या उठल्या. हे ‘डोळ्यांना झोंबला’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी जिथे दाखवलं होतं तिथला कागद त्यांनी आणला होता. त्यावर लिहिलेलं: वासाची संवेदना नॉर्मल. मी विचारलं, तपासलं कसं? त्या म्हणाल्या, “डोळे मिटायला सांगितले, नाकाखाली काहीतरी धरलं आणि काही जाणवतंय का असं विचारलं. मला जाणवलं, मी हो म्हटलं. कापूर होता तो.” बाई खरंच बोलल्या होत्या. प्रश्नच चुकीचा होता. पण त्या एका ओळीमुळे घरच्यांना वाटायला लागलं, की हे सगळे मनाचे खेळ आहेत. आपल्याला येत नसलेला वास येतो असं कागदावर लिहिलेलं असताना ‘येत नाही हो’ म्हणत राहणं किती एकटं करणारं असतं, ते त्या बाईंकडून ऐकावं.

मी चार बाटल्या काढल्या. पहिलीत फेनिलइथाइल अल्कोहोल, म्हणजे गुलाबाचा वास. दुसरीत व्हॅनिलीन, तिसरीत मेंथॉल, चौथीत नुसतं पाणी. गुलाब: काही नाही. व्हॅनिला: काही नाही. पाणी: काही नाही. मेंथॉल धरल्याबरोबर मान मागे घेऊन त्या म्हणाल्या, “हे गार आहे!” मी विचारलं, वास कसला आहे? थोडं थांबून म्हणाल्या, “वास नाही. गार आहे.” या चार शब्दांत निदान झालं.

नाकात दोन वेगवेगळ्या नसांचं काम चालतं, आणि त्या एकमेकींच्या कामात फारशी ढवळाढवळ करत नाहीत. वासाची नस ही मेंदूतून निघणारी पहिली नस. तिच्या पेशी नाकाच्या अगदी छतावर, काही चौरस सेंटिमीटरच्या पट्ट्यात असतात. या पेशी मज्जापेशीच आहेत आणि त्यांची टोकं थेट श्वासातल्या हवेला सामोरी असतात. त्या टोकांवर वासाचे ग्राही असतात. माणसात हे सुमारे 400 प्रकारचे आहेत आणि साधारणपणे एका पेशीवर एकच प्रकार असतो. एखादा रेणू त्यांतल्या काहींना जास्त, काहींना कमी चेतवतो, आणि कोण किती चेतलं यावरून मेंदू ठरवतो की हा गुलाब आहे की जळका दोरा. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी या ग्राहींचं जनुक-कुटुंब 1991 मध्ये शोधलं, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दुसरी नस म्हणजे पाचवी, ट्रायजेमिनल. ही मुळात चेहऱ्याची नस आहे. कपाळ, डोळ्याचा पृष्ठभाग, दात, जिभेचा पुढचा भाग आणि नाकाचं सगळं अस्तर इथला स्पर्श, वेदना, ऊन-गार ती कळवते. तिची टोकं अस्तरात खोल रुतलेली असतात, म्हणून रेणूला अस्तर भेदून तिथवर पोचावं लागतं. मेंथॉल, कापूर आणि निलगिरीतलं सिनिओल हे तिन्ही सहज उडणारे आणि मेदात विरघळणारे, त्यामुळे ते पोचतात. कांदा चिरताना येणारं पाणी, अमोनियाची झोंब, मिरचीची आग, धुराने डोळे चुरचुरणं, ही सगळी हिचीच कामं. बाईंना धूर याच नसेने कळवला.

आता मागे पडल्याने एक नस गेली आणि दुसरी का वाचली? वासाच्या पेशींचे बारीक धागे नाकाच्या छतावरच्या एका चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून मेंदूत शिरतात. मागून जोरात आपटलं की कवटीच्या आत मेंदू झटकन सरकतो आणि छिद्रांच्या तोंडाशी ते धागे तुटतात. पाचवी नस जाड आहे, आणि तिच्या तीन शाखा कवटीच्या तळाच्या वेगळ्या वाटांनी बाहेर पडतात. तिला या झटक्याने काही होत नाही.

एक गंमत करून पाहूया. पहिल्या रांगेतले काका, डोळे मिटाल का? दोन लवचीक बाटल्या, एक डाव्या नाकपुडीशी, एक उजव्या. एकीत गुलाब, दुसरीत पाणी. दोन्ही एकदमच दाबते. गुलाब कुठल्या बाजूने आला? ‘डावीकडून.’ अगदी ठाम! पुन्हा करू. ‘आताही डावीकडून.’ मी मध्ये बाटल्या बदलल्या होत्या. (हशा) हसू नका, तुमच्यापैकी कुणाचंही हेच होईल. आता मेंथॉल. ‘उजवीकडे.’ बरोबर. पुन्हा? ‘डावीकडे.’ बरोबर.

निव्वळ वास कुठल्या नाकपुडीतून आला हे माणसाला जवळजवळ सांगता येत नाही, पण ट्रायजेमिनलला चेतवणारा पदार्थ कुठल्या बाजूला आहे ते सांगता येतं. पद्धतशीर करायचं असेल तर अदलाबदल करत 20 वेळा विचारायचं. नुसत्या अंदाजाने 10 च्या आसपास उत्तरं बरोबर येतात, 15 किंवा त्याहून जास्त आली की तो योगायोग मानत नाही. बाईंची मेंथॉलची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर होती. पण इथे दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. वास गेलेल्या माणसांत ट्रायजेमिनलची जाणीवही बऱ्याचदा थोडी बोथट होते, त्यामुळे सगळ्यांना हे इतकं स्वच्छ जमत नाही. आणि मेंथॉलला स्वतःचा पुदिन्यासारखा वासही आहे, म्हणून ‘जाणवतंय का’ असं न विचारता ‘कसला वास’ असं विचारायचं. वास तपासायचा तर गुलाब, व्हॅनिला असे पदार्थ घ्यावेत. एवढंच माझं मागणं आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. मूळ विषयावर येते, थोडं भरभर.

पहिली गोष्ट, मेंथॉल नाकाला गार करत नाही, फक्त गार वाटायला लावतं. बाष्पीभवनाने गार होतं हा सोपा अंदाज अपुरा आहे. हेन्सेल आणि झॉटरमन यांनी 1951 मध्ये मांजराच्या जिभेच्या नसेवर दाखवलं, की मेंथॉलने गारव्याच्या तंतूंचे संदेश वाढतात, आणि ऊब दिली की थांबतात. म्हणजे थंडी ओळखणारा तंतू मेंथॉलमुळे जास्त हळवा होतो.

ते घडतं कसं, हे 2002 मध्ये कळलं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच प्रथिन शोधलं. त्याचं नाव टीआरपीएम-8. नसेच्या टोकावरचं हे एक चिमुकलं दार आहे, जे साधारण 25 अंशांच्या आसपास आणि खाली उघडतं. उघडलं की सोडियम, कॅल्शियम आत शिरतात आणि ‘गार’ असा संदेश निघतो. मेंथॉल या दाराला चिकटलं की उघडायचं तापमान वर सरकतं, आणि नाकाच्या अस्तराच्या नेहमीच्या तापमानालाही ते उघडायला लागतं. वासाच्या ग्राहींचं काम निराळं. ते स्वतः दार नाहीत, ते रेणू ओळखून पेशीत रासायनिक साखळी सुरू करतात आणि तिच्या शेवटी दुसरं दार उघडतं. पाटापूटियन आणि ज्युलियस यांना 2021 चं नोबेल तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहींसाठी मिळालं.

हे घरी तपासून बघा. बामची वाफ घेतल्यावर श्वास आत घेताना गारवा जोरात लागतो आणि सोडताना ओसरतो. बाहेरची हवा अस्तराला थोडं गार करते आणि हळवा झालेला तंतू तेवढ्यावरच मोठ्याने बोलतो. तोच बाम कपाळाला लावला की त्याची वाफ डोळ्यांनाही गार लागते, आणि डोळ्याला वास येत नाही.

दुसरी गोष्ट, चोंदलेलं नाक ‘उघडल्याचं’. कार्डिफमध्ये बरो, एक्लिस आणि जोन्स यांनी 1983 मध्ये कापूर, निलगिरी आणि मेंथॉलची वाफ देऊन नाकातल्या हवेचा रोध मोजला. लोक म्हणाले, गार वाटतंय, हवा मोकळी जातेय. पण रोध बदलला नव्हता. नाक मोकळं आहे की नाही हे मेंदू अस्तर किती गार होतंय त्यावरून ठरवतो. उलटही खरं आहे: अस्तर बधिर केलं तर रोध तोच असूनही नाक चोंदल्यासारखं वाटतं. एक्लिस यांच्या गटाने 1988 मध्ये मेंथॉलचं आरशातल्या प्रतिमेसारखं रूपही तपासलं. त्याला पुदिन्याचा वास आहे, पण नाक मोकळं झाल्याची भावना ते देत नाही. वास आणि गारवा वेगळे, याचा इतका नेमका पुरावा मला दुसरा माहीत नाही.

तिसरी गोष्ट कापराची. तो गारव्याचं दार थोडं चेतवतो आणि उबेचंही, टीआरपीव्ही-3 नावाचं. म्हणून त्वचेवर कधी गार, कधी ऊबदार वाटतो. सिनिओल मेंथॉलसारखंच काम करतं, पण सौम्यपणे. निलगिरीचा गारवा हलका असतो तो त्यामुळे.

घंटा वाजली. एक मिनिट द्या, ही शेवटची गोष्ट मला टाळता येणार नाही. तान्ह्या बाळाच्या नाकाला मेंथॉलचा किंवा कापराचा बाम लावू नका, दोन वर्षांखालच्या मुलाच्या तर अजिबात नको. अगदी लहान बाळात हा ट्रायजेमिनल गारवा श्वास थांबवणारा प्रतिक्षेप जागा करू शकतो. आणि कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात. तो चुकून गिळला गेला तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता लगेच दवाखाना गाठा.