कासच्या लेखाची तारीख

मंडळी, साताऱ्यात वेबसाइट चालवणाऱ्यांकडे कास पठारावरचा एखादा लेख असतोच, म्हणून तोच घेऊन बोलतो. समजा, तो १२ ऑगस्ट २०२१ ला टाकला. यंदा फुलांचा हंगाम तोंडावर आला, म्हणून तारीख तेवढी आजची केली, आत एक शब्द हलवला नाही. पुण्याहून पहाटे निघणारं कुटुंब ती तारीख बघून जुन्या शुल्काच्या, जुन्या पार्किंगच्या भरवशावर येतं. ही त्यांची फसवणूक आहे, आणि मला तीच जास्त खुपते.

गूगलचंही ऐका. निकालात दिसणारी तारीख ते आपण सांगितली म्हणून जशीच्या तशी घेत नाही. पानावर दिसणारी तारीख, कोडमधली तारीख आणि इतर खुणा जुळवून ते स्वतः अंदाज बांधतं. मजकूर फारसा न बदलता पान ताजं भासवायला तारीख बदलणं हे वाईट लक्षण आहे, असं त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय.

मग रीतसर काय करायचं? आधी शुल्क, बुकिंग, पार्किंग नव्याने तपासून मजकूर दुरुस्त करा. पत्ता, म्हणजे यूआरएल, तोच ठेवा. प्रकाशनाची मूळ तारीख तशीच राहू द्या, पानाच्या कोडमध्ये बदलाची तारीख वेगळी द्या:

```json
"datePublished": "2021-08-12T09:00:00+05:30",
"dateModified": "2025-08-04T18:30:00+05:30"
```

हेच वाचकालाही दिसू द्या. लेखाच्या माथ्यावर लिहा: ‘४ ऑगस्ट २०२५ रोजी शुल्क व पार्किंगची माहिती तपासली; रस्त्याचं वर्णन २०२१ चं आहे.’ ही दुसरी ओळ लिहायला जड जाते, पण येणाऱ्याला तीच उपयोगी पडते.

एवढं करून क्रमांक वर जाईलच असं नाही. ‘कासला आत्ता फुलं आहेत का’ या शोधात ताजेपणाला वजन असतं. ‘टोपली कारवी किती वर्षांनी फुलते’ असं विचारणाऱ्याला जुना लेखही चालतो. तिथे तारखेने फार फरक पडत नाही.

आता साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रांसाठी ठेवलेली साइटच्या पानांची यादी. त्यातल्या `lastmod` वर, म्हणजे पान शेवटचं कधी बदललं त्या तारखेवर, गूगल तेव्हाच विसंबतं, जेव्हा ती तारीख सातत्याने खरी निघते. पान पुन्हा वाचल्यावर बदल खरंच झाला की नाही, हे त्याला पडताळता येतं. मुख्य मजकूर, त्यातल्या लिंक किंवा कोडमधली माहिती बदलली तर तारीख बदलावी. तळाशी कॉपीराइटचं वर्ष बदललं म्हणून नव्हे. वर्डप्रेसमध्ये ही गफलत सहज होते: एक वेलांटी सुधारून सेव्ह केलं तरी बदलाची तारीख पुढे सरकते.

घरी गेल्यावर आपला `sitemap.xml` उघडा. रोज बघाल तेव्हा सगळ्या पानांपुढे आजचीच तारीख दिसत असेल, तर एखादं प्लगइन ती आपोआप भरतंय. आधी ते बंद करा, मग कासच्या लेखाला हात घाला.